पिशवीवरच्या हिशोबाने पुट्टी का पुरत नाही? प्रायमर-पुट्टीतल्या या चुका टाळा

चवथ जवळ आली की गोव्यात घराघरांत रंगाची घाई सुरू होते. तोच पावसाचा काळ असतो आणि नेमक्या त्याच वेळी हार्डवेअरच्या दुकानात तीच तक्रार ऐकू येते: "पिशवीवर एवढे चौरस फूट लिहिलंय, मग माझी पुट्टी अर्ध्यातच कशी संपली?" पेंटरने चोरली, माल खराब निघाला असे संशय घेतले जातात. बहुतेक वेळा पेंटरचाही दोष नसतो आणि मालाचाही. भिंत किती खरबरीत आहे हे कोणी आधी पाहिलेलंच नसतं.

पहिली चूक: प्रायमर आणि पुट्टीला एकच टक्केवारी लावणे

"भिंत खरबरीत आहे, दोन्ही वीस टक्के जास्त आणा" हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे, कारण खरबरीतपणा या दोन मालांना वेगवेगळ्या तऱ्हेने खातो.

प्रायमर पातळ असतो. तो खड्डे भरत नाही, खड्ड्यांच्या आतल्या बाजूंवर पसरतो आणि गिलाव्यात शोषला जातो. म्हणून त्याची मागणी दोन गोष्टींवर ठरते: पृष्ठभाग किती वाढला आणि गिलावा किती पितो. स्पंज फिरवलेल्या कोऱ्या गिलाव्यावर लिटरला सत्तर-ऐंशी चौरस फूट मिळाले तरी समाधान मानावं. तोच प्रायमर नीट घासलेल्या पुट्टीवर लावला तर एका हाताला लिटरमागे सव्वाशेच्या आसपास सहज जातो.

पुट्टीचं गणित घनफळाचं आहे. ती खड्डे भरते, म्हणून प्रश्न एवढाच की सरासरी किती जाडीचा थर बसणार. एक चौरस फुटावर एक मिलिमीटर थर द्यायला साधारण सव्वाशे ग्रॅम कोरडी पावडर लागते. पिशवीवर दोन हातांत किलोला वीस चौरस फूट लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस फुटाला पन्नास ग्रॅम. याचा अर्थ कंपनीने दोन हात मिळून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी थर धरलेला आहे. तो आकडा घोटलेल्या, सपाट भिंतीचा आहे. तुमच्या भिंतीचे खळगे सरासरी अर्धा मिलिमीटर खोल असतील तर चौरस फुटाला आणखी साठेक ग्रॅम निघून जातात. अर्धा मिलिमीटर डोळ्याला काहीच वाटत नाही, पण खप दुपटीहून जास्त होतो.

म्हणूनच प्रायमरचा खप वाढला तरी तो अमुक मर्यादेत वाढतो. पुट्टीचा मात्र दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

एका खोलीचं गणित

समजा डिचोलीतलं एक घर आहे. खोली बारा बाय दहा फूट, उंची दहा फूट, छत सोडून फक्त भिंती करायच्या. चारही भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. एक दार (३ बाय ७) आणि दोन खिडक्या (४ बाय ४) वजा केल्या की ३८७ उरतात. पिशवीवरच्या वीसच्या दराने भागलं तर साडेएकोणीस किलोच्या आसपास, म्हणून घरमालक वीस किलोची एक पिशवी आणतो.

पण चारपैकी एक लांब भिंत पावसात गळली होती आणि तिच्यावर नवा गिलावा झाला आहे. गवंड्याने स्पंज मारून सोडला आहे, घोटलेला नाही. खिडकी वजा करून ती १०४ चौरस फूट भरते. उरलेल्या तीन भिंती जुन्या पण गुळगुळीत आहेत, २८३ चौरस फूट.

गुळगुळीत भिंतींना प्रत्यक्षात किलोला सोळा चौरस फूट मिळाले, तर पावणेअठरा किलो लागतील. खरबरीत भिंतीला आठ मिळाले, तर तेरा किलो. बेरीज एकतीस किलोच्या घरात जाते. बादलीत सुकणारी, पत्र्यावर राहणारी आणि घासताना खाली पडणारी धरली तर तेहतीस-चौतीस. वीस किलोची पिशवी दुसऱ्या हाताच्या मध्यावर संपणार हे आधीच ठरलेलं होतं. खोलीतल्या चौथाईहून थोड्या जास्त जागेने चाळीस टक्के माल खाल्ला.

आता याच खोलीच्या प्रायमरकडे बघा. पुट्टी बसून घासून झाल्यावर चारही भिंती जवळपास सारख्याच होतात. तेव्हा ३८७ चौरस फुटांना एका हाताला सव्वातीन लिटरच्या आसपास पुरतं आणि खरबरीत भिंतीसाठी वेगळा हिशोब लागत नाही. तोच प्रायमर पुट्टीच्या आधी कोऱ्या गिलाव्यावर मारला असता तर त्या एका भिंतीनेच दीड लिटर प्याला असता.

दुसरी चूक: भिंत न मोजता माल आणणे

खप आधी कळायला मोठं यंत्र लागत नाही. सगळ्यात खरबरीत भिंतीवर पाच बाय चार फुटांचा चौकोन आखा, म्हणजे वीस चौरस फूट. किराणा दुकानाच्या काट्यावर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पावडरीच्या पुड्या करून ठेवा. पेंटर नेहमीसारखे दोन हात देईल, तुम्ही फक्त पुड्या मोजायच्या. अडीच किलो गेली तर दर किलोला आठ. असाच चौकोन गुळगुळीत भिंतीवरही करा, कारण फरक तिथेच दिसतो. पेंटर बदलला तर चाचणी पुन्हा घ्यावी. पत्रा दाबून ओढणारा आणि हलक्या हाताने ओढणारा यांच्या खपात फरक पडतोच.

चाचणीआधी भिंतीला सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी उभी-आडवी लावून बघा आणि संध्याकाळी टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका झोत टाका. इथे दोन प्रकार ओळखता येतात. सगळीकडे बारीक दाणे दिसले तर ते पुट्टीचं काम आहे. पट्टीखाली चार-पाच मिलिमीटरचं खोलगट पोट दिसलं तर ते गवंड्याचं काम आहे.

तिसरी चूक: पोट पुट्टीने भरणे

व्हाइट सिमेंट पुट्टी दोन हात मिळून साधारण दीड मिलिमीटरपर्यंतच द्यायची असते. मध्ये पाच मिलिमीटर खोल आणि कडेला शून्य होत जाणारं दहा चौरस फुटांचं पोट सरासरी अडीच मिलिमीटर धरलं तरी एकट्या त्या जागेला तीन किलोहून जास्त पुट्टी जाते. पैसे जातात ते जातातच, वर तो जाड थर सुकताना आकसतो आणि जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. पुढे ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज येतो. अशी जागा आधी बारीक वाळूच्या गिलाव्याने भरून घ्या, त्याला पाणी मारा, सुकू द्या आणि मग त्यावर पुट्टी घाला.

चौथी चूक: क्रम उलटा करणे

व्हाइट सिमेंटच्या पुट्टीखाली प्रायमर मारण्याची सवय अनेक पेंटरना आहे. या पुट्टीला भिंतीशी घट्ट बसायला ओलसर सिमेंटचा पृष्ठभाग हवा असतो. प्रायमरचा पडदा मध्ये आला की ती पकड कमजोर होते. गिलावा साफ करायचा, पाणी शिंपडायचं, वरचं चमकणारं पाणी ओसरू द्यायचं आणि पुट्टी ओढायची. प्रायमर तिच्यावर, रंगाच्या आधी. ॲक्रिलिक पुट्टीचं उलट आहे, तिला खाली प्रायमर लागतो. पिशवीवर कोणती पुट्टी आहे हे वाचल्याशिवाय पेंटरला होकार देऊ नका.

कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी ओढून घेते, मग पत्रा अडखळतो आणि पुट्टी नंतर खडूसारखी हाताला लागते. काळ्या कापडाने पुसून पाहा: पांढरी पूड आली तर त्यावर रंग टिकणार नाही. जुन्या चिऱ्याच्या घरांत चुना मारलेल्या भिंती असतात. तो चुना खरवडून काढल्याशिवाय वर काहीही बसवलं तरी ते चुन्यासकट सुटून येतं.

पाचवी चूक: पावसाची ओल आणि शिंपडलेलं पाणी एकच समजणे

ही गोव्यातली सगळ्यात महाग चूक आहे. पुट्टीआधी आपण पाणी शिंपडतो, मग भिंत ओली असली तर काय बिघडलं, असं विचारलं जातं. शिंपडलेलं पाणी वरच्या कातडीत असतं आणि ते पुट्टीच्या सिमेंटला उपयोगी पडतं. पावसाची ओल चिऱ्याच्या आतून येते, क्षार घेऊन बाहेर ढकलत राहते आणि पुट्टी-प्रायमरचे थर मागून सोलते. खालच्या दोन-तीन फुटांत फुगे, पांढरी मिठासारखी पूड आणि सुटलेले पापुद्रे दिसले तर खप मोजण्याआधी ओल कुठून येते ते शोधा. तिथे कितीही हात दिले तरी ते पुढच्या पावसाळ्यापर्यंतच.

तपासायचं असं: दीड फूट चौकोनी जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडा टेपने बंद करून भिंतीला चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा भिंत तिथे काळपट झाली तर काम थांबवा. चवथीपर्यंत भिंत सुकली नाही तर ती एकच भिंत दिवाळीनंतर करा, बाकीच्या आता. नव्या गिलाव्याला निदान चार आठवडे तर लागतातच.

सहावी चूक: पाणी घालून प्रायमर पुरवणे

डब्यावरचा दर सहसा डब्यातल्या लिटरचा असतो, पाणी घातल्यानंतर बादलीत झालेल्या लिटरचा नव्हे. पेंटर बादलीतले सहा लिटर दाखवून "बघा, एवढा उरला" म्हणतो, तेव्हा आत किती डबा गेला ते विचारा. डब्यावर लिहिल्यापेक्षा जास्त पाणी घातलं तर भिंत पांढरी दिसते पण बांधली जात नाही. वरचा रंग मग ठिगळांसारखा कुठे चकचकीत, कुठे मेलेला दिसतो आणि एक जादा हात रंगाचा द्यावा लागतो, तो प्रायमरपेक्षा महाग पडतो. उलट, घासल्यानंतरची धूळ झाडूने आणि ओल्या कापडाने काढली तर त्याच डब्यातून प्रायमर चांगला पसरतो.

माल मागवताना चाचणीचा दर लावून जे येईल त्यावर दहा टक्के धरा आणि शक्यतो छोट्या पिशव्या घ्या. पावसाच्या हवेत उघडलेली पिशवी ओलावा ओढून गोळे धरते. ती पुट्टी चाळूनसुद्धा वापरू नका. न उघडलेली पिशवी परत घेणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधीच विचारून घ्या.