घर लेस्टरला, शेत कोरेगावला: वारस कोण?

इकडे इंग्लंडमध्ये नवीन आलात की बँक, डॉक्टर, शाळा यांच्या गडबडीत मृत्युपत्राचं कुणाला सुचत नाही. पण घराचं कर्ज मंजूर झालं की त्याच आठवड्यात हा विषय काढा.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. ब्रिटिश पासपोर्ट घेतला म्हणून गावची जमीन ब्रिटिश कायद्याखाली येत नाही. घर, जमीन जिथे आहे तिथलाच कायदा तिचे वारस ठरवतो. बँकेतल्या पैशासारख्या जंगम मालमत्तेला मात्र माणसाचं कायमचं घर ज्या देशात मानलं जाईल, तिथला कायदा लागतो.

समजा, इथला एक हिंदू गृहस्थ मृत्युपत्र न करता गेला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि गावी आई. लेस्टरचं घर एकट्याच्या नावावर, किंमत 5 लाख पौंड, दुसरं काही नाही. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे पहिले 3,22,000 पौंड बायकोचे, उरलेल्या 1,78,000 पैकी निम्मे तिचेच, आणि निम्मे दोन्ही मुलांना, म्हणजे प्रत्येकी 44,500. आईला शून्य. घर नवरा-बायकोच्या संयुक्त मालकीत असतं, तर एकाच्या मागे दुसऱ्याकडे आपोआप गेलं असतं. वाटणीचा प्रश्नच नाही.

कोरेगावची जमीन त्याने स्वतः कमावलेली असेल, तर तिला 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागेल. बायको, मुलगा, मुलगी, आई: चौघांना सारखा, प्रत्येकी चौथा हिस्सा. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी त्याचा त्यातला वाटा किती, हे ठरवावं लागतं.

इथल्या कोर्टाचा वारसपत्राचा कागद घेऊन सातबाऱ्यावर नाव लावायला गेलात, तर तलाठी तो बाजूला ठेवील. त्याला वारस नोंदीसाठी अर्ज, सगळ्या वारसांची नावं आणि मृत्यूचा दाखला लागतो. दाखला इथला असेल, तर त्यावर आधी अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का, करून घ्या, नाहीतर पोस्टाची फेरी वाया जाते. फेरफार मंजूर झाला तरी तो मालकीचा निवाडा नव्हे. भांडण झालं तर दिवाणी कोर्टातच जावं लागतं. आणि आईचं नाव वगळून केलेला फेरफार हेच भांडणाचं मूळ असतं.

मृत्युपत्र करणार असाल, तर दोन करा: इथलं फक्त इथल्या मालमत्तेपुरतं, तिकडचं फक्त भारतातल्या. वकिलाच्या छापील मसुद्यात एक वाक्य हमखास असतं, ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो.’ माझ्याही मसुद्यात होतं. सही केली असती, तर साताऱ्यात दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्र त्याच क्षणी धोक्यात आलं असतं. मी पेन खाली ठेवलं आणि ‘इंग्लंड व वेल्समधील मालमत्तेपुरती’ एवढे शब्द घालून घेतले.