रिक्रूटरचा घाईचा मेसेज उमेदवारापर्यंत नेताना

रिक्रूटमेंट कोऑर्डिनेटर म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात असा मेसेज हाती येतो: ‘राउंड 2 टेक्निकल, उद्या 4 च्या आसपास जमेल का विचार. पॅनेलचं बघते, लिंक देते.’ यावरून उमेदवाराला रीतसर ईमेल लिहायचा असतो. ‘फक्त भाषा नीट कर’ असे सांगणाऱ्या वरिष्ठांचे मला आजही नवल वाटते, कारण खरा धोका भाषा नीट करतानाच असतो.

औपचारिक वाक्य आपोआप ठाम होते. ‘जमेल का’ या विचारणेचे ‘आपली मुलाखत 4 वाजता आयोजित करण्यात आली आहे’ असे रूपांतर झाले की ‘पॅनेलचं बघते’ ही सर्वांत महत्त्वाची माहिती गळून पडते. उमेदवार सध्याच्या नोकरीतून अर्धा दिवस रजा घेतो आणि इकडे मुलाखतकारांच्या कॅलेंडरमध्ये नोंदच नसते. तयार नमुने मला म्हणूनच आवडत नाहीत. बहुतेक नमुने वेळ ठरलेली आहे असे गृहीत धरूनच लिहिलेले असतात. आपण वेळ विचारली असताना उमेदवाराचे ‘धन्यवाद, नक्की हजर राहीन’ असे उत्तर आले, तर आपला मसुदा चुकला असे खुशाल समजावे आणि त्याच दिवशी खुलासा पाठवावा.

दुसरी अडचण ‘उद्या’ची. वरील मेसेज बुधवारी मध्यरात्रीनंतर 12:20 ला आला असेल, तर पाठवणारीच्या मनात बुधवार आहे की गुरुवार, हे तिलाच विचारावे. असे विचारण्यात कमीपणा नाही. तिलाही एका ओळीचे उत्तर देणे नंतरच्या सारवासारवीपेक्षा सोपे जाते. तिने गुरुवार सांगितला, तर मी असे लिहीन:

‘नमस्कार, आपल्या दुसऱ्या फेरीच्या तांत्रिक मुलाखतीसाठी गुरुवार, 12 मार्च, दुपारी 4 ही वेळ प्रस्तावित आहे. मुलाखतकारांची उपलब्धता अद्याप निश्चित व्हायची आहे. ही वेळ आपल्याला सोयीची आहे का, हे कृपया आज सायंकाळी 5 पर्यंत कळवावे; नसल्यास सोयीच्या दोन वेळा सुचवाव्यात. वेळ निश्चित होताच मुलाखतीची लिंक व कॅलेंडर आमंत्रण स्वतंत्रपणे पाठवू.’

यातील ‘आसपास’ मी मुद्दाम गाळला आहे, कारण उमेदवाराला एकच वेळ लागते. मात्र 4 हीच वेळ धरायची ना, हेही रिक्रूटरला त्याच प्रश्नात विचारून घ्यावे. उमेदवार दुसऱ्या टाइम झोनमध्ये असेल, तर वेळेपुढे झोन लिहावाच. मुलाखत किती वेळ चालेल हे मूळ मेसेजमध्ये नव्हते, म्हणून मसुद्यातही नाही. अंदाजाने ‘45 मिनिटे’ लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा.

पॅनेलचा होकार आल्यावर दुसरा ईमेल जातो आणि वेळ ‘निश्चित झाली आहे’ असे प्रथम त्यातच येते. आमंत्रण उमेदवाराच्या वैयक्तिक पत्त्यावरच जात आहे ना, हे पाठवण्याआधी पाहावे. सध्याच्या कंपनीच्या पत्त्यावर गेलेले आमंत्रण तिथल्या सहकाऱ्यांना शेअर केलेल्या कॅलेंडरमध्ये दिसू शकते.