नव्या चष्म्याने डोकं दुखतंय? किती दिवस थांबायचं आणि कधी परत जायचं

चष्मा नवा असला की पहिले काही दिवस डोकं जड होतं, हे खरंच आहे. पण "सवय होईल हो" या उत्तरावर लोक दोन-दोन महिने डोकं धरून बसतात, तेही मी रोज पाहतो. माझं काम डोळे तपासण्याचं. सवयीचं दुखणं आणि चुकीच्या चष्म्याचं दुखणं घरच्या घरी बरंचसं वेगळं करता येतं.

गेल्या वर्षी बँकेत काम करणाऱ्या एक ताई अकराव्या दिवशी आल्या. जुना नंबर दोन्ही डोळ्यांना उणे 4.50, नवा उणे 5. सिलिंडर नंबर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा जास्तीचा नंबर, तोही अर्ध्यावरून एकवर गेलेला. फ्रेम मात्र पहिल्यापेक्षा बरीच रुंद, हल्ली चालतात तशी. तक्रारी दोन होत्या: चालताना फरशी उतरती वाटते आणि संध्याकाळी भुवयांच्या वर ठणका लागतो. या दोन तक्रारींची कारणं वेगळी निघाली, म्हणून त्यांचंच उदाहरण घेतो.

पहिल्या दिवसापासून काय करायचं

नवा चष्मा सकाळी उठल्याबरोबर लावा. दिवसभराच्या कामाने थकलेल्या डोळ्यांवर संध्याकाळी दुकानातून आणून चढवला की पहिलाच अनुभव वाईट येतो. जुना चष्मा कपाटात ठेवा, फेकू नका, तो पुढे लागेल. पण आलटून-पालटून वापरू नका.

त्याचं कारण असं. मान वळवली की समोरचं चित्र हलू नये म्हणून डोळे तेवढेच उलट दिशेने फिरतात. किती फिरायचं याचं माप मेंदूने जुन्या काचेवर बसवलेलं असतं. उणे नंबराची काच वस्तू लहान दाखवते, त्यामुळे नंबर बदलला की ते मापही थोडं बदलतं आणि मान वळवताना गरगरल्यासारखं होतं. सिलिंडरची काच आडव्या आणि उभ्या दिशेला वेगवेगळं लहान-मोठं दाखवते. फरशी उतरती आणि दार तिरकं दिसतं ते त्यामुळे. मेंदू काही दिवसांत नवं माप शिकतो, पण दर तासाला चष्मा बदललात तर त्याचा अभ्यास मोडतो. फारच दुखलं तर चष्मा काढून अर्धा तास डोळे मिटून पडा. फरशी हलते आहे तोवर दुचाकी नको आणि जिना उतरताना कठडा धरा.

डोकेदुखीची वही

रोज रात्री एक ओळ लिहा: कुठे दुखलं, कोणतं काम करताना, आणि दहापैकी किती. गोळी घेतली असेल तर तीही लिहा, नाहीतर आकडा फसवतो. बघायचं ते आकडा उतरतोय का, एवढंच. सवयीचं दुखणं दिवसागणिक ओसरतं. सात, सहा, पाच, तीन असं चाललं असेल तर थांबा. सहाव्या दिवशीही सात असेल तर सवय होत नाहीये.

मुदतीचं म्हणाल तर नंबर थोडा बदलला असेल तेव्हा दोन-तीन दिवस, फार तर आठवडा. सिलिंडर बदलला असेल तर दोन आठवड्यांपर्यंत. पहिलाच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणारा चष्मा असेल तर दोन आठवडे धरा, काहींना महिनाही लागतो.

ताईंच्या फरशीचा उतार आठव्या दिवशी जवळजवळ गेला होता. ती सवय होती. ठणका मात्र पहिल्या दिवशी सहा आणि अकराव्या दिवशीही सहाच.

घरी करण्याच्या तपासण्या

आधी फ्रेम. कानशिलावर किंवा कानामागे दुखतंय, तिथे लाल वळ उठतोय आणि चष्मा काढला की दहा मिनिटांत बरं वाटतंय, तर दोष नंबरात नाही. दांडी आवळ आहे. दुकानदार ती गरम करून सैल करून देतो.

मग एक डोळा झाकून पाहा. चष्म्याच्या एका काचेवर कापड अडकवा आणि अर्धा तास टीव्ही बघा. दुसऱ्या दिवशी दुसरी काच झाका. एकाच ठराविक डोळ्याने बघताना त्रास होत असेल तर त्या काचेचा नंबर संशयास्पद आहे. दोन्ही डोळे सुटे-सुटे आरामात असतील आणि एकत्र आले की दुखत असेल, तर दोन काचांचं आपसात जमत नाहीये. ताईंचं तेच निघालं. शिवाय वाचताना त्यांना काही होत नसे. ठणका टीव्ही आणि स्कूटरवरच लागायचा.

आता काचेचा मध्य, म्हणजे जिथून चित्र बाजूला न सरकता दिसतं ती जागा, शोधा. चष्मा हातभर लांब, सरळ धरा आणि एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड पाहा. काचेच्या आत दिसणारी कड बाहेरच्या कडेपासून तुटलेली दिसेल. चष्मा डावी-उजवीकडे सरकवत जा, एका जागी ती सलग जुळेल. तिथे स्केचपेनने ठिपका द्या. दुसऱ्या काचेवरही तसंच करा आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते तुमच्या बाहुल्यांमधल्या अंतराइतकं, म्हणजे पीडीइतकं हवं. संगणकावर डोळे तपासले की जी छोटी चिठ्ठी निघते, तिच्यावर बहुधा पीडी छापलेला असतो. ही मोजणी ढोबळ आहे. नंबर कमी असेल तर कड नीट तुटत नाही, सिलिंडर जास्त असेल तर ती कलते. अशा वेळी दुकानातल्या यंत्रावरच मोजून घ्या.

ताईंचा पीडी 58 मिलिमीटर, ठिपक्यांमधलं अंतर 66. रुंद फ्रेमसाठी काचा कापताना मध्य आत घ्यायला हवा होता, तो घेतला गेला नव्हता. मध्य सोडून बघितलं की काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे चित्र बाजूला सरकवते. किती, याचा हिशोब सोपा आहे: चूक सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर. इथे 0.8 गुणिले 5, म्हणजे दोन्ही डोळे मिळून 4 प्रिझम. लांब बघताना त्यांना दोन्ही डोळे सतत किंचित बाहेर वळवावे लागत होते. डोळ्यांना नाकाकडे वळणं सोपं असतं, बाहेर वळायची ताकद थोडीच. म्हणून वाचताना ठीक, आणि लांब बघताना ठणका.

परत जाताना

जुना चष्मा, नवा चष्मा, नंबराचा कागद आणि वही असं सगळं सोबत न्या. "डोकं दुखतं" एवढंच सांगू नका, कोणत्या कामात आणि एक डोळा झाकल्यावर काय होतं ते सांगा. आधी नवा चष्मा लेन्समीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, मोजायला लावा: नंबर, सिलिंडरचा ॲक्सिस म्हणजे त्याची दिशा, आणि दोन मध्यांमधलं अंतर कागदाशी जुळतंय का. जुळलं तरच डोळे पुन्हा तपासायचे. मधुमेह असेल तर तपासणीच्या दिवसांत साखर वर-खाली होती का तेही सांगा, साखरेबरोबर नंबरही हलतो.

काही त्रासांत मात्र चष्म्याला दोष देत बसू नका आणि दिवसही मोजू नका. डोळा लाल होऊन जोरात दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलट्या, अचानक दोन-दोन दिसणं, नजरेसमोर वीज चमकल्यासारखं किंवा पडदा आल्यासारखं होणं, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, हात-पाय लुळे पडणं किंवा बोलणं अडखळणं. पन्नाशीनंतर कानशील दुखून घास चावताना जबडाही दुखत असेल तर तेही यातच धरा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ताईंना दुकानाने काचा बदलून दिल्या, नंबर तोच, फक्त मध्य 58 वर. चौथ्या दिवशी त्यांच्या वहीत शून्य होतं. फ्रेमही तीच राहिली. ती मला अजूनही त्यांच्या चेहऱ्याला मोठीच वाटते.