वाचाघाताचा प्रकार कसा ओळखावा: ऐका, विचारा, पुन्हा म्हणवून घ्या

समजा, बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ सकाळी उठतात आणि बोलू लागतात: "मी ते कालचं टरपण घेऊन गेलो, मग त्याचं हे झालं की नाही, ते सगळं वटकं तिकडेच ठेवलं." सूर नेहमीचा, वेग नेहमीचा, हातपाय धडधाकट. मुलगा विचारतो, "बाबा, चष्मा कुठे आहे?" त्यावर उत्तरही असंच येतं. आपण काही चुकीचं बोलतोय हे त्यांच्या गावीही नाही. उलट समोरच्याला कळत कसं नाही, म्हणून ते चिडतात. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला.

मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते, त्याला वाचाघात म्हणतात. वाचा गेली म्हणजे माणूस मुका झाला, अशी आपली समजूत असते. म्हणूनच भरभर बोलणारा हा वाचाघात सगळ्यात जास्त वेळा निसटतो. त्याला वेडात किंवा भ्रमात काढलं जातं आणि मोलाचे तास वाया जातात. वाचाघात आहे का आणि कोणता, हे पडताळण्याची रीत मात्र साधी आहे.

आधी घड्याळ

बोलणं अचानक बिघडलं असेल, तर घरी एकही परीक्षा घेत बसू नका. हा स्ट्रोक असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं आणि हे तास माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. आपल्या गृहस्थांना उठल्यावर त्रास जाणवला असला, तरी डॉक्टरांना सांगायची वेळ रात्री झोपताना ते ठीक बोलत होते ती. लगेच रुग्णालय गाठा. पुढच्या पायऱ्या रुग्ण सुरक्षित हातात गेल्यावरच्या आहेत.

हात कोणता, ते विचारा

उजव्या हाताने कामं करणाऱ्या १०० जणांपैकी सुमारे ९५ जणांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. डावखुऱ्यांमध्येही सुमारे ७० टक्के लोकांची ती डावीकडेच असते. उरलेल्यांची उजवीकडे किंवा दोन्हीकडे. भाषा डावीकडे असण्यालाच डाव्या गोलार्धाचं वर्चस्व म्हणतात. लिहिण्याच्या हातावर मात्र विसंबू नका. लहानपणी सक्तीने उजव्या हाताने लिहायला लावलेले डावखुरे बरेच असतात. चेंडू कोणत्या हाताने फेकत, कात्री कोणत्या हाताने धरत, हे विचारा.

पहिली परीक्षा: बोलणं वाहतं का?

"काय झालं ते सांगा" एवढंच म्हणा आणि दोन मिनिटं मध्ये न बोलता ऐका. शब्द बरोबर आहेत की चूक, हे आत्ता बघू नका. एका दमात किती शब्द येतात ते मोजा. चारपेक्षा जास्त शब्दांचा तुकडा क्वचितच येत असेल आणि प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत असेल, तर बोलणं अडखळतं. "पाऊस... छत्री... मी... घर..." असं. मराठीत हे पटकन कळतं, कारण प्रत्यय गळतात किंवा भलतेच लागतात आणि क्रियापदाची रूपं बिघडतात.

अडखळत्या बोलण्याचा संबंध डाव्या कपाळामागे, खालच्या बाजूला असलेल्या ब्रोका क्षेत्राशी आहे. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याला जवळपास "टॅन" एवढाच उच्चार करता येत होता. हात हलवणारा भाग याच्या शेजारी असल्याने अशा रुग्णाचा बहुधा उजवा हात आणि चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडते. आपलं काय बिघडलंय हे त्याला कळत असतं, म्हणून तो फार खचतो.

आपले गृहस्थ वीस शब्दही सलग बोलतात. म्हणजे बोलणं वाहतं.

दुसरी परीक्षा: समजतं का?

खरी चूक इथेच होते. आपण "डोळे मिटा" म्हणतो आणि नकळत स्वतःचेही मिटतो. रुग्ण आपल्याकडे बघून तसं करतो आणि आपण म्हणतो, समजतंय की! शिवाय डोळे मिटणं, उभं राहणं अशा साध्या हालचालींच्या सूचना समज बरीच गेलेली असतानाही कधी कधी पाळल्या जातात. म्हणून हात मांडीवर ठेवा, चेहरा स्थिर ठेवा आणि असं काही सांगा जे अंदाजाने जमणार नाही: "आधी खिडकीकडे बोट दाखवा, मग नाकाला हात लावा." हो-नाहीचे प्रश्न विचारलेत तर एकावर थांबू नका, कारण अंदाजाने निम्मी उत्तरं बरोबर येतातच. "दगड पाण्यावर तरंगतो का?", "आईपेक्षा मुलगी वयाने मोठी असते का?" असे आठ-दहा विचारा.

आपले गृहस्थ सूचना ऐकून मान हलवतात, हसतात आणि भलतंच बोलू लागतात. समज गेली आहे. समजण्याचा संबंध कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेल्या क्षेत्राशी आहे; ते डाव्या कानाच्या वर, जरा मागे आहे. ते हालचालींच्या भागापासून दूर असल्याने हातपाय शाबूत राहतात. मात्र दृष्टीचे काही तंतू तिथून जवळून जातात. समोर सरळ बघायला लावून उजव्या बाजूला वर हात हलवला, तर तो या गृहस्थांना दिसत नाही. असं आढळलं, की बिघाड मेंदूच्या एका ठरावीक जागी आहे या शंकेला मोठं बळ मिळतं.

तिसरी परीक्षा: म्हटलेलं पुन्हा म्हणता येतं का?

एका शब्दापासून सुरू करा, मग वाक्यावर या. "जर-तर, पण-परंतु काही नको" हे वाक्य मला उपयोगी वाटतं, कारण चित्र डोळ्यांपुढे न आणणारे बारीक शब्दच आधी कोसळतात. बोलणं वाहतं आणि समजही चांगली, पण पुन्हा म्हणताना अक्षरांची उलथापालथ होते आणि रुग्ण स्वतःला सुधारत राहतो, तर तो संवहन वाचाघात. त्यात ऐकण्याची आणि बोलण्याची क्षेत्रं जोडणारा मार्ग तुटतो, असं जुनं स्पष्टीकरण आहे; आता त्याच भागातल्या कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, इजेलाही महत्त्व दिलं जातं. तिन्ही परीक्षा बिघडल्या, तर सर्वंकष वाचाघात. तिन्ही ठीक आणि फक्त नावं सापडत नाहीत, तर नामविस्मृतीचा. नावं सगळ्याच प्रकारांत अडतात, म्हणून "घड्याळ" विचारून थांबू नका, काटा आणि पट्टाही विचारा.

गृहस्थांना एक शब्दही नीट पुन्हा म्हणता येत नाही. वाहतं बोलणं, गेलेली समज, बिघडलेली पुनरुक्ती: हा वेर्निके वाचाघात. तेच वाक्य त्यांनी पोपटासारखं चटकन म्हटलं असतं, तर वेर्निके क्षेत्र वाचलं असून इजा त्याच्या आसपास आहे, असा तर्क केला असता.

शेवटी कागद-पेन द्या. जिभेचे स्नायू दुबळे झाल्याने उच्चार अस्पष्ट झालेला माणूस हात चालत असेल तर नीट लिहितो. वाचाघातात लिहिणंही बिघडतं. गृहस्थांचं अक्षर वळणदार आहे, पण ओळीत अर्थ नाही.

हे कप्पे पक्के मात्र नाहीत. बरेच रुग्ण एकाही कप्प्यात नीट बसत नाहीत आणि पहिल्या दिवसांत सूज असल्याने चित्र बदलत राहतं. सर्वंकष वाटलेला वाचाघात काही आठवड्यांनी ब्रोकासारखा, म्हणजे अडखळत्या बोलण्याचा, दिसू शकतो. म्हणून निकालापुढे तारीख लिहा आणि त्याच सूचना, तीच वाक्यं घेऊन आठवड्याने पुन्हा बसा. आपल्या गृहस्थांच्या बाबतीत सुधारणेची एक खूण ओळखायला शिका: बोलता बोलता ते थबकतील, "नाही, नाही" म्हणतील आणि शब्द शोधू लागतील. बोलणं आधीपेक्षा अडखळतंय असं वाटून घरचे घाबरतात. पण स्वतःची चूक आता त्यांच्या कानाला ऐकू येऊ लागलेली असते.