गडव्याचं तोंड आणि चाळीस मिनिटांचा तास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी कलाशिक्षक म्हणून लागलो, तेव्हा माझ्या पाठटाचणात उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलेलं असायचं: 'वस्तुचित्र – गडवा व पेला'. हे उद्दिष्ट नव्हतंच, ते चित्राचं नाव होतं. मुलं चाळीस मिनिटांत गडवा काढायची, छटा द्यायची, खाली सावली घासायची, आणि मी भिंतीवर लावायला चांगली चार चित्रं निवडून घ्यायचो.

एका शनिवारी आठवीचे सगळे कागद टेबलावर पसरून बसलो. जवळपास प्रत्येक गडव्याचं तोंड दोन्ही बाजूंनी टोकदार, आंब्याच्या कोयीसारखं. काहींचं पार गोल. आणि बूड मात्र पट्टीने ओढल्यासारखं सरळ. कारण उघड आहे. तोंड गोल असतं आणि भांडं जमिनीवर सपाट बसतं, हे पोराला माहीत असतं, म्हणून ते माहीत असलेलंच काढतं. छटांनी ही चूक झाकली जाते. मीही तिच्यावर गुण देत होतो.

मग पुढच्या तासाचं उद्दिष्ट असं लिहिलं: 'गोल भांड्याचं तोंड आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून जसं दिसतं तसं लंबगोल काढता येणे'. बाकी काही नाही. छटा नाही, पेला नाही, अख्खा गडवासुद्धा नाही.

सुरुवात बांगडीने केली. बांगडी डोळ्यांसमोर आडवी धरली की नुसती रेघ दिसते. तशीच आडवी ठेवून हळूहळू खाली नेली की लंबगोल उघडत जातो. पाच मिनिटं एवढंच. मग खोडरबर दप्तरात ठेवायला लावले आणि मनगट न टेकवता, खांद्यापासून हात फिरवत प्रत्येकाने सहा-सात लंबगोल काढले. त्यानंतर गडवा मधोमध जमिनीवर ठेवला आणि फक्त त्याचं तोंड काढायला सांगितलं.

इथे मी चूक केली. 'असं दिसायला हवं' म्हणून फळ्यावर एक लंबगोल काढला आणि सगळ्यांनी तोच उतरवला. शेवटच्या रांगेतली एक मुलगी मात्र पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "सर, मले तं एवढा उघडा दिसतच नाही. चपटा दिसते."

मी तिच्या जागेवर जाऊन टाटपट्टीवर बसलो. तिचं बरोबर होतं. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेतलं. पहिल्या रांगेतून, साधारण तीन फुटांवरून, तोंडाची उंची रुंदीच्या निम्मी भरत होती. तिच्या जागेवरून, नऊ-दहा फुटांवरून, जेमतेम पाचवा हिस्सा. गडवा एकच, पण प्रत्येक जागेवरून बरोबर उत्तर वेगळं. त्या दिवसापासून फळ्यावर नमुना काढणं बंद केलं. आता तपासायचं म्हणजे मुलाच्या शेजारी, त्याच्या उंचीवर बसूनच. गुडघे दुखतात, पण उभ्याने तपासलं तर आपल्याला तोंड जास्त उघडं दिसतं आणि आपण बरोबर चित्र चुकीचं ठरवतो.

मुलांना स्वतः तपासता यावं म्हणून एक साधी युक्ती वापरतो. कागदाला लंबगोलाच्या मधोमध आधी उभी, मग आडवी घडी घालायची आणि खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. चारही पाव एकमेकांवर बसले तर जमलं. टोक असेल तर ते लगेच दिसतं, कारण खऱ्या लंबगोलाला कोपरा नसतो, कडेलाही तो वळतच जातो. याने आकार कळतो, पण किती उघडा हवा ते कळत नाही. त्यासाठी पेन्सिलीचं माप हवंच.

दुसऱ्या तासाला बूड घेतलं. ते डोळ्यांपासून आणखी खाली असतं, म्हणून त्याचा लंबगोल तोंडापेक्षा थोडा जास्त उघडतो. पुढची कड तेवढी दिसते, तरी आधी पूर्ण लंबगोल फिका काढून मग मागची बाजू पुसायची. बूड सपाट आलं की समजायचं, पोरगं अजून माहितीवरूनच काढतंय. मग त्याला परत बांगडी द्यायची.

अडचण वेगळीकडूनच आली. वर्गात आलेले हेडसर वह्या चाळून म्हणाले, "चित्र कुठाय? हे तर नुसते भोपळ्याचे काप दिसतात." मी त्यांना एका मुलाचं आधीचं चित्र आणि आताचं पान शेजारी ठेवून दाखवलं. त्यांना फारसं पटलं नाही, पण भिंतीसाठी चित्रं द्यायची मुदत आठवडाभर वाढवून मिळाली.

तिसऱ्या तासाला अख्खा गडवा काढला, मधल्या उभ्या अक्षरेषेसकट. गुण फक्त तोंड आणि बुडाला दिले. छटा ज्यांना द्यायची होती त्यांनी दिल्या, त्या मी पाहिल्या पण मोजल्या नाहीत. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रासाठी पुढे छटा लागतातच, त्यांचे तास वेगळे ठेवले आहेत. पहिल्या तासाचं उद्दिष्ट लिहून झालंय: गडव्यावर उजेड कुठून येतोय ते ओळखून फक्त दोनच छटा वेगळ्या करता येणे.