डिलिव्हरीच्या दुचाकीवरची खरी कमाई कशी मोजावी

खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या अ‍ॅपवर आठवड्याला जी रक्कम दिसते, ती कमाई नव्हे. ती केवळ जमा असते. खरी कमाई काढण्यासाठी प्रथम सकाळी घरातून निघताना आणि रात्री परतल्यावर गाडीच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहावा. अ‍ॅपवरच्या किलोमीटरांवर विसंबू नये, कारण हॉटेलपर्यंत जाणे, ग्राहकाकडून रिकामे परत येणे आणि घर गाठणे यांचे अंतर त्यात बहुधा पूर्ण धरलेले नसते.

दुसरी पायरी अ‍ॅव्हरेजची. टाकी पूर्ण भरून मीटरचा आकडा टिपावा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी. मधल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरने भागले की शहराच्या रहदारीतले खरे अ‍ॅव्हरेज कळते. ते एकाएकी घसरले, तर आधी टायरमधली हवा आणि एअर फिल्टर तपासावा.

आता पुण्यातल्या एका स्कूटरचा हिशेब उदाहरणादाखल करू. २६ दिवसांत २,८६० किलोमीटर, जमा २३,४०० रुपये, अ‍ॅव्हरेज ४४ आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरल्यास ६५ लिटरचे ६,८२५ रुपये होतात, म्हणजे किलोमीटरला सुमारे २.४० रुपये. ऑइल व सर्व्हिसिंगसाठी दर ३,००० किलोमीटरला ९०० रुपये धरल्यास ३० पैसे, टायरचे २० पैसे, बेल्ट आणि ब्रेक शूचे २० पैसे येतात. टायर वर्षातून एकदा बदलला जातो म्हणून तो हिशेबातून निसटतो, पण झिजतो तो रोजच.

सर्वांत मोठा विसरला जाणारा खर्च गाडीच्या घटत्या किमतीचा. ९०,००० रुपयांची गाडी ६०,००० किलोमीटर चालवून ३०,००० रुपयांना विकली, तर प्रत्येक किलोमीटरमागे एक रुपया गेला. गाडी कर्जावर असल्यास हप्त्यातले केवळ व्याज वेगळे धरावे; मुद्दल पुन्हा धरले तर एकच खर्च दोनदा मोजला जाईल.

अशा रीतीने किलोमीटरला ४.१० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ११,७०० रुपये खर्च होतो. २३,४०० रुपयांच्या जमेतून हा खर्च आणि मोबाइलचे ६०० रुपये वजा केल्यावर ११,१०० रुपये उरतात. रोज दहा तास काम केले असेल, तर तासाला ४३ रुपयेसुद्धा पडत नाहीत. यातून विम्याचा हप्ताही वजा व्हायचा आहे, आणि तो भरण्याआधी पॉलिसीतली वापराची अट वाचावी: खासगी वापराच्या पॉलिसीवर भाड्याने किंवा मोबदल्यासाठी गाडी चालवताना अपघात झाल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.

ऑर्डर स्वीकारतानाही हाच ४.१० चा आकडा वापरावा. समजा, चार किलोमीटरच्या ऑर्डरचे ३५ रुपये मिळतात. पण हॉटेलपर्यंत दोन आणि परतीचे तीन किलोमीटर धरले, तर नऊ किलोमीटरचा खर्चच जवळजवळ ३७ रुपये होतो.