आजारपणानंतर तोंडाला चव नाही, अन्नावर वासना नाही? म्हाताऱ्या माणसाला वाढताना या चुका टाळा

ताट तसंच परत येतं आणि "भूकच नही माले" एवढंच उत्तर मिळतं. मग घरात मऊ भात, तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर असं सुरू होतं. पोटाला हलकं पडावं म्हणून हे दिलं जातं, पण ज्याची चवच गेली आहे त्याच्यासाठी हे अन्न पांढरं, सपक आणि रोज एकसारखं असतं. शिवाय त्यात ताकदही नसते. १५ ग्रॅम तांदळाची वाटीभर पातळ पेज प्यायली, तर जेमतेम ५० कॅलरी आणि १ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ४१ किलो वजनाच्या, आजारातून उठलेल्या आजींना दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पहिली चूक: नक्की काय गेलंय हे न पाहता मसाला वाढवणं

जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसाच्या किंवा डाळीच्या रश्शातली ती भरलेली चव, एवढंच कळतं. जिरं, लसूण, कोथिंबीर, काळा मसाला यांची ओळख बहुतेक नाकातून पटते. श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर बऱ्याचदा नाक गेलेलं असतं आणि जीभ शाबूत असते. पाहायला दोन मिनिटं पुरतात. तोंडात पाण्याचा घोट फिरवून घ्यायला सांगा, मग जिभेवर लिंबाचा एक थेंब, नंतर चिमूटभर मीठ ठेवा. डोळे मिटून हिंगाचा आणि ताज्या कुटलेल्या जिऱ्याचा वास घ्यायला सांगा.

लिंबू आंबट लागलं पण हिंग कळला नाही, तर वास गेला आहे. अशा वेळी फोडणी कितीही वाढवली तरी उपयोग नाही. आंबटपणा, खारटपणा, अगदी थोडी तिखटाची झणझण आणि मऊ-कुरकुरीत असा फरक यांवर जेवण उभं करावं लागतं.

लिंबाने आग झाली, तर आधी तोंड पाहा. जिभेवर, गालाच्या आत पांढरे थर असतील तर ती बुरशी असू शकते. अँटिबायोटिकनंतर ती होते आणि तिला औषध लागतं. काही औषधांनी, उदाहरणार्थ मेट्रोनिडाझोलने, तोंडाला धातूसारखी चव येते. तेव्हा स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून पाहा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

तिसरी शक्यता खान्देशात नेमकी अडचणीची ठरते. काहींना वास येतो, पण उलटाच: कांदा, लसूण, अंडं, तळण यांना कुजल्याचा किंवा जळल्याचा वास येतो. ताट समोर आलं की तोंड फिरवतात, फोडणीच्या वेळी मळमळतं. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक भाजीत लसूण पडतो, त्यामुळे सगळंच नकोसं होतं. अशा वेळी फोडणी त्यांच्या खोलीपासून दूर करा, काही दिवस लसूण-कांदा काढा आणि जेवण कोमट किंवा गारसर द्या, कारण गार अन्नाचा वास कमी येतो.

दुसरी चूक: भरलेलं ताट आणि रोजचीच वेळ

आजारी माणसाला भरलेलं ताट पाहूनच दडपण येतं. छोट्या ताटलीत तीन-चार चमचे वाढा, संपलं तर पुन्हा वाढा. दर दोन-अडीच तासांनी काहीतरी द्या. बऱ्याच जणांना सकाळी जरा बरं वाटतं, म्हणून सगळ्यात पौष्टिक पदार्थ आठ-नऊ वाजता द्या, रात्रीवर ठेवू नका. जेवणाआधी तासभर चहा आणि जास्त पाणी टाळा, त्यानेच पोट भरल्यासारखं होतं. उन्हाळ्यात मात्र दिवसभरात पाणी आणि ताक पुरेसं जायलाच हवं, घोटाघोटाने.

तिसरी चूक: आपलं जेवण सोडून देणं

कढी-फुणके हा पदार्थ अशा माणसासाठी फारच सोयीचा आहे, पण नेहमीसारखा केला तर फसतो. फुणके कोरडे, भुगभुगीत होतात आणि कवळी सैल झालेल्या तोंडात घोळत राहतात. म्हणून थोडे बदल करायचे.

एक लहान वाटी (१०० ग्रॅम) तूरडाळ चार तास भिजवून पाणी निथळा आणि नेहमीपेक्षा बारीक वाटा. त्यात अर्धी वाटी किसून पिळलेला दुधी, एक चमचा तेल, जिरं, थोडी कोथिंबीर आणि मीठ घाला. दुधीमुळे गोळे मऊ राहतात. बारा गोळे करून १५-२० मिनिटं वाफवा. सुरी आत घालून कोरडी आली म्हणजे झाले.

कढीसाठी घट्ट दुधाचं दही एक वाटी, पाणी एक वाटी आणि दोन चमचे बेसन गुठळ्या न ठेवता घुसळा. मंद आचेवर सारखं ढवळत राहा, ढवळणं थांबलं की दही फाटतं. बेसनाचा कच्चा वास जाऊन कढी दाटसर झाली की उतरवा. वरून दोन चमचे तुपात जिऱ्याची फोडणी, वास न बिघडलेल्यांना लसूणही. चव गेलेल्यांसाठी दही जरा आंबट घ्या. रक्तदाब असेल तर मीठ वाढवण्याऐवजी लिंबू पिळा.

तीन फुणके कढीत दहा मिनिटं बुडवून पूर्ण कुस्करून द्या. त्यात सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं येतात, पेजेच्या कितीतरी पट. पातळ कढीत तरंगते कोरडे तुकडे ठेवू नका. पातळ आणि घट्ट एकत्र आलं की म्हाताऱ्या माणसाला घास सांभाळणं जड जातं. ज्वारीची भाकर द्यायची तर दुधात किंवा कढीत पूर्ण मऊ होऊ द्या, कडा काढून टाका.

संध्याकाळी केळं कुस्करून त्यात दोन चमचे दुधाची पावडर घातलेलं दूध ओता, मधुमेह असेल तर अर्धंच केळं. तूप हा सोपा आधार आहे: एक चमचा घातला की सुमारे ४५ कॅलरी वाढतात आणि घासाचा आकार वाढत नाही. शेंगदाण्याचं कूट घालायचं तर अगदी बारीक आणि ओलसर पदार्थातच घाला.

चौथी चूक: खोकला आणि वजन नजरेआड करणं

गिळताना खोकला येतो, गिळल्यावर आवाज ओलसर होतो किंवा घास गालात साठतो, तर चमच्याने भरवत राहू नका, डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. पाठीला आधार देऊन ताठ बसवा आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या.

वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर, सकाळी करा. ४१ किलोच्या माणसाचं महिन्यात दोन किलो कमी झालं तर डॉक्टरांकडे जा. आणि पाच दिवसांहून अधिक जवळजवळ काहीच खाल्लं नसेल, तर एकदम भरपूर खायला घालू नका. अशा शरीरात अन्न अचानक वाढलं की रक्तातले क्षार धोकादायक पातळीवर घसरू शकतात, म्हणून प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवा.